मित्रांदेखत केलेलं कौतुक

‘माझं पिल्लू आज पंधरा वर्षांचं झालं! कालपरवापर्यंत माझा पदर धरून चालणारं, अंधाराला घाबरून कुशीत शिरणारं हे बाळ बघता बघता माझ्यापेक्षा उंच झालं. पुढच्या वर्षी दहावी, तेव्हा मोबाईल जरा कमी हं सोन्या! आईबाबांना तुझा खूप खूप अभिमान आहे. उदंड आयुष्याच्या अनंत शुभेच्छा!’

सोबत चार फोटो: टबात बसून आंघोळ करतानाचा, बालवाडीत कृष्ण झाल्याचा, सकाळच्या औक्षणाचा आणि गालाला केक फासलेला. हा मजकूर उदाहरणासाठी मी रचला आहे, पण असे मजकूर आपण सगळ्यांनीच वाचले आहेत. रात्री बारा वाजता आई तो इन्स्टाग्रामवर टाकते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवते आणि सकाळी पाया पडायला आलेला मुलगा हळूच म्हणतो, ‘आई, ते काढून टाक ना.’ आईला वाईट वाटतं. त्यातला शब्द न् शब्द तिनं मनापासून लिहिलेला असतो. मुलाचा संकोचही तितकाच खरा असतो. या दोघांपैकी कुणाचंच काही चुकलेलं नाही, असं मी मानते. फक्त आईनं तो मजकूर एका माणसासाठी लिहिला आणि तो वाचला मात्र दोनशे जणांनी.

हे दोनशे जण कोण, ते आधी पाहू. आईच्या फोनमध्ये मावशी आहे, आत्या आहे, ऑफिसातल्या मैत्रिणी आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. शिवाय मुलाच्या वर्गातल्या दहाबारा मुलांच्या आया आहेत, कारण शाळेचा पालकांचा ग्रुप आहे. मुलाचे मित्र आईला इन्स्टाग्रामवर फॉलो करत नसतील, पण त्यांच्या आयांचा फोन घरात टेबलावरच असतो. त्यातल्या एकानं स्टेटस पाहिलं, त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला, की शाळा भरायच्या आत ‘पिल्लू’ हे नाव वर्गभर झालेलं असतं. लग्नाच्या हॉलमध्ये एकाच पंगतीत आजी, साहेब आणि वर्गमित्र शेजारीशेजारी बसावेत, तसं हे आहे. आजीला सांगायची गोष्ट तिथं साहेबांच्याही कानावर जाते. घरात, शाळेत आणि मैदानावर मुलगा थोडा थोडा वेगळा असतो. त्याचं घरातलं रूप आईनं मैदानावर नेऊन उभं केलं, की तो गोंधळतो.

आणि नेमक्या याच वयात तो इतका का गोंधळतो, यावर मानसशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६७मध्ये अशी मांडणी केली की किशोरवयातली मुलं मनातल्या मनात कायम एका प्रेक्षकवर्गासमोर वावरत असतात. आपल्या कपाळावरची पुटकुळी, आपला फुटलेला आवाज, आपले जुने बूट सगळे बघताहेत, असं त्यांना वाटत राहतं. प्रत्यक्षात कुणी फारसं बघत नसतं. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असणार. खरं तर जेमतेम पाव लोकांनाच तो लक्षात आला होता.

एरवी हीच गोष्ट मुलांना समजावून सांगता येते, की बाबा रे, तुला वाटतं तितकं कुणाचं लक्ष नसतं. वाढदिवसाच्या पोस्टच्या बाबतीत मात्र ही समजूत लागू पडत नाही. त्या दिवशी सगळे खरोखरच त्याच्याकडे बघत असतात, कारण आपणच त्यांना बघायला बोलावलेलं असतं. लीआ सॉमरव्हिल यांच्या २०१३च्या अभ्यासात मेंदूची तपासणी सुरू असताना मुलांना एवढंच सांगितलं होतं की आता कॅमेरा सुरू झाला आहे आणि तुझ्याच वयाचं कुणी तरी तुला पाहतंय. त्यांच्याकडून काही करून घ्यायचं नव्हतं. नुसत्या या जाणिवेनं वाटणारा संकोच लहान मुलांपेक्षा किशोरवयीन मुलांत बराच जास्त आढळला. तेव्हा ‘एवढं काय त्यात, कौतुकच तर केलंय’ हे आपलं बोलणं मुलाच्या कामाचं नसतं. कौतुक सगळ्यांना दिसतंय, हीच त्याची अडचण असते.

आता तो सुरुवातीचा मजकूर पुन्हा घेऊ आणि मुलाच्या बाकावर बसून वाचू.

‘पिल्लू’, ‘बाळ’, ‘सोन्या’. घरातली हाक घरात कितीही गोड लागो, वर्गात ती टोपणनाव म्हणून चिकटते आणि पुढची दोन वर्षं निघत नाही. ‘अंधाराला घाबरून कुशीत शिरणारं’ यात आईच्या डोळ्यांसमोर चार वर्षांचा मुलगा आहे. मित्रांना मात्र चौदा वर्षांचा दिसतो, कारण त्यांनी तोच पाहिला आहे. भीती, आजारपण, अंथरूण ओलं करणं, रडणं, पहिल्यांदा दाढी करणं, फुटलेला आवाज या सगळ्या त्याच्या शरीराच्या आणि मनाच्या गोष्टी आहेत, आणि त्या कुणाला सांगायच्या ते त्यानं ठरवायचं आहे. ‘मोबाईल जरा कमी हं’ हे तर चारचौघांत ऐकवलेलं बोलणं झालं. शुभेच्छेच्या मधोमध उपदेश आला की आधीचं कौतुक पुसलं जातं आणि मित्रांच्या लक्षात तेवढा उपदेशच राहतो. ‘दहावी’ या शब्दाबरोबर त्याचा सगळा ताणही त्या पोस्टमध्ये येऊन बसतो आणि खाली काका लिहितात, ‘आता नव्वदच्या वर पाहिजेत!’

उरला अभिमान. ‘खूप खूप अभिमान आहे’ यानं लाज वाटत नाही, पण त्यात मुलगाही कुठं दिसत नाही. तीच ओळ शेजारच्या घरातल्या कुणाच्याही नावानं चालेल. इतका मोठा मजकूर लिहूनही या मुलाची एकही अशी गोष्ट त्यात आलेली नाही, जी त्यानं स्वतः केली आहे. मला ही उणीव लाजेपेक्षाही मोठी वाटते. मजकूर आईच्या भावनांनी भरलेला आहे, वाढला तो फक्त उंचीनं.

म्हणून लिहायला बसताना एक शोध घ्यावा लागतो. गेल्या वर्षभरात या मुलानं स्वतःहून काय निवडलं, जे त्याच्या मित्रांनीही पाहिलं आहे? या प्रश्नात दोन चाळण्या आहेत. स्वतः निवडलेलं हवं, म्हणजे गुण, क्लास, आपण लावलेली शिकवणी हे बाजूला पडतं. मित्रांनी पाहिलेलं हवं, म्हणजे घरातली गुपितं आपोआप गळतात. ज्या गोष्टीला मित्र मान डोलावतील आणि ‘हो, हे खरंय’ म्हणतील, तिच्यात मुलाला अवघडण्यासारखं काही राहत नाही. त्याची त्यांच्यातली जागा आपण हलवत नाही, ती आपल्यालाही दिसते एवढंच सांगतो.

आपल्या उदाहरणातल्या मुलाबद्दल समजा आईला हे आठवलं: जूनमध्ये सोसायटीच्या टीममध्ये कीपिंग करायला कुणीच तयार नव्हतं, तेव्हा यानं ग्लोव्हज घातले. सुरुवातीला डाव्या हाताचा अंगठा सुजला होता, कॅच सुटत होते. दिवाळीनंतर मात्र टीम निवडताना कीपर कोण, हा प्रश्नच कुणी विचारेनासं झालं. हे सगळं मित्रांच्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

आईचा दुसरा मसुदा असा होतो: ‘अंगठा सुजला, किती वेळा चेंडू तोंडावर आला, मी रोज बर्फ लावायची आणि म्हणायची नको खेळूस, पण माझा शूर लेक ऐकेल तर ना! आज तो टीमचा बेस्ट कीपर आहे. पंधराव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा बाळा!’

विषय बरोबर सापडला आहे, पण मजकुराच्या मध्यभागी पुन्हा आईच आली आहे. रोज बर्फ लावणं हे घरातलं आहे. ‘शूर लेक’ हे विशेषण मित्रांसमोर जड होतं. ‘बेस्ट कीपर’मध्ये तर एक खरा धोका आहे, कारण शेजारच्या इमारतीत दुसरा कीपर असणार आणि त्याच संध्याकाळी तो मैदानावर विचारणार, ‘काय रे, बेस्ट कीपर?’ मुलांच्या जगात क्रमवारी त्यांची त्यांनीच ठरवलेली असते. पालकांनी बाहेरून लावलेला पहिला नंबर मुलाला तिथं सिद्ध करत बसावा लागतो. तुलना आणि ‘सर्वोत्तम’ हे शब्द काढले की कौतुकाची धार जात नाही, उलट ते खरं वाटू लागतं.

तिसरा मसुदा: ‘कीपिंगला कुणी तयार नव्हतं तेव्हा तू ग्लोव्हज घातलेस. आता ती जागा तुझीच आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा! – आई, बाबा’

एवढंच. यात घटना आहे, तिचं फळ आहे आणि शुभेच्छा आहे. ‘तू शूर आहेस’ असं म्हटलेलं नाही, पण ज्याला कुणी तयार नव्हतं ते त्यानं केलं, हे वाचणाऱ्याला कळतं. आईला त्यामागचा सुजलेला अंगठा आठवतो, मुलालाही आठवतो, इतरांना तो दिसत नाही. मजकूर चांगला उतरला आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे: मित्राला त्याखाली स्वतःचं काही तरी जोडता येतं का? इथं एखादा मित्र लिहील, ‘आणि रविवारचा तो स्टंपिंग!’ पहिल्या मसुद्याखाली मित्रांना हसण्यापलीकडे लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

लांबीचंही एक व्यावहारिक कारण आहे. इन्स्टाग्रामवर लांब मजकुराच्या साधारण पहिल्या दोन ओळीच दिसतात, पुढचं more दाबल्यावर उघडतं. मित्र बहुधा ते दाबत नाहीत, त्यामुळे वरच्या दोन ओळींत जे असेल तेच त्यांच्यापर्यंत पोचतं. ‘माझं पिल्लू’नं सुरुवात झाली तर तेवढंच पोचलं. दोनतीन वाक्यांत मजकूर बसला की तो पूर्ण वाचला जातो आणि त्यात निसटून जाणारं, नको ते सांगणारं वाक्य शिरायला जागाही राहत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक जागा निसरडी असते. आपल्याकडे मुलीचं कौतुक फार लवकर तिच्या दिसण्याकडे किंवा सासरच्या वाटेकडे वळतं. ‘माझी राजकन्या किती सुंदर दिसते’, ‘बघता बघता लेक मोठी झाली, आता परक्याची होणार’, ‘साडीत अगदी बाई दिसतेस’. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराकडे सगळे बघताहेत, ही जाणीव आधीच नकोशी झालेली असते. त्यावर बाबांनी सगळ्यांची नजर तिथंच वळवू नये. आणि लग्नाचा विषय वाढदिवसाच्या पोस्टवर कोणत्याही रूपात नको, गमतीनंही नको. हे मी आग्रहानं सांगते.

पण मुलीच्या उदाहरणातून मला दाखवायचं आहे ते वेगळंच. समजा, मुलगी छान चित्रं काढते आणि बाबा लिहितात, ‘तुझ्या वहीच्या मागच्या पानांवरच्या चित्रांचा मी पहिला चाहता!’ वाक्य छोटं आहे, प्रेमळ आहे, तिनं स्वतः निवडलेल्या गोष्टीबद्दल आहे. तरीही ती वैतागेल, कारण मागची पानं तिनं कुणाला दाखवलेलीच नाहीत. मित्रमैत्रिणी विचारतील, ‘कुठली चित्रं? दाखव ना!’ आणि त्या पानांवर कदाचित एखाद्या वर्गमित्राचा चेहराही असेल. आपल्याला जे सापडलं आणि त्यांनी जे दाखवलं, या दोन गोष्टींत किशोरवयीन मुलांच्या दृष्टीनं फार मोठा फरक आहे. स्तुतीसुद्धा गुपित फोडू शकते. त्याऐवजी, गॅदरिंगच्या नाटकाचा पडदा तिनं मैत्रिणींबरोबर रंगवला असेल, तर तो सगळ्या शाळेनं पाहिलेला असतो. ‘गॅदरिंगचा तो निळा पडदा अजून डोळ्यांसमोर आहे. यंदा कुठला रंग? वाढदिवसाच्या शुभेच्छा. – बाबा.’ यात मैत्रिणींनाही आपला वाटा दिसतो आणि त्या आनंदानं खाली लिहितात. मुलगी एकटी उजेडात उभी राहत नाही, हे तिला जास्त सोपं जातं.

भाषेबद्दल एवढंच म्हणेन की ती आपलीच असू द्यावी. मुलांचे शब्द उसने घेऊन ‘ब्रो’, ‘लेजेंड’ लिहिणाऱ्या बाबांचा हेतू जवळ जाण्याचा असतो, पण हे शब्द मुलांनी मोठ्यांपासून वेगळं राहण्यासाठीच घेतलेले असतात. दुसऱ्या टोकाला फ्लेक्सवरची भाषा असते: ‘आमचे लाडके, तडफदार…’. कुठून तरी उचललेली चारोळीही तशीच परकी. रोज जेवताना आपण मुलाशी ज्या वाक्यांत बोलतो, त्याच वाक्यांत लिहावं, फक्त घरातली हाक सोडून. शाळेत त्याला ज्या नावानं ओळखतात ते नाव लिहावं, किंवा नाव न लिहिता नुसतं ‘तू’ म्हणावं. खाली ‘आई, बाबा’ ही सही मात्र असावी. आपण त्याचे मित्र असल्याचा आव त्यात येत नाही आणि ज्यानं त्यानं आपापल्या जागी राहून प्रेम करता येतं.

फोटोलाही हाच न्याय. मजकूर कितीही जपून लिहिला आणि त्यावर आंघोळीचा फोटो लावला तर सगळं वाया गेलं. कपडे नसलेले, रडतानाचे, झोपलेले, फॅन्सी ड्रेसचे, दातांना तारा लावल्या त्या आठवड्यातले फोटो बाहेर नकोत. औक्षणाचा फोटो मला स्वतःला फार आवडतो, पण कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता आणि समोर ताम्हन घेतलेली आई, या क्षणी मुलगा घरातला असतो. तो फोटो चालेल की नाही, हे त्यालाच विचारावं. मैदानावर मित्रांबरोबर काढलेला, त्यानं स्वतः कधी तरी प्रोफाइलला लावलेला फोटो सर्वांत निर्धोक, कारण आपण कसं दिसतो हे त्यानं तिथं आधीच ठरवलेलं असतं.

आता विचारण्याबद्दल. २०१९च्या मार्चमध्ये हॉलिवूडची अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो हिनं आपल्या चौदा वर्षांच्या मुलीबरोबर बर्फातला एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. मुलगी ॲपल मार्टिन हिनं त्याखालीच सगळ्यांसमोर लिहिलं की आई, आपलं हे बोलणं झालं होतं, माझ्या संमतीशिवाय काही टाकायचं नाही. आईनं उत्तर दिलं की तुझा चेहराही दिसत नाहीये! ते खरंच होतं, हेल्मेट आणि मोठ्या गॉगलमागे चेहरा झाकलेला होता. पण आई फोटोबद्दल बोलत होती आणि मुलगी विचारण्याबद्दल. आपल्या घरांतही हा वाद जवळजवळ याच शब्दांत होतो. ‘छानच तर आलाय फोटो’ हे ‘मला का विचारलं नाहीस?’ याचं उत्तर नसतं. फ्रान्सनं फेब्रुवारी २०२४मध्ये मुलांच्या छायाचित्रांविषयी कायदाच केला. मुलाच्या प्रतिमेचं रक्षण आईवडिलांनी मिळून करायचं आणि त्याचं वय व समज पाहून त्यालाही त्या निर्णयात घ्यायचं, असं त्यात म्हटलं आहे.

विचारायचं कधी आणि कसं, यावर बरंच अवलंबून असतं. रात्री बारा वाजता, बोट बटणावर ठेवून ‘टाकू ना?’ म्हणणं म्हणजे होकार गृहीत धरणं. दोन दिवस आधी, शक्यतो गाडीवरून जाताना किंवा भांडी आवरताना, म्हणजे समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही अशा वेळी, मसुदा आणि तीन फोटो पुढे करावेत. ‘यातला कुठला? आणि या दोन ओळींत काही खटकतंय का?’ असा नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर मिळतं. तो एक शब्द बदलायला सांगेल, तो बदलावा. त्याचं कारण मागू नये. ‘टाक काहीही’ हे उत्तर मात्र होकार समजू नये. बरेचदा त्याचा अर्थ, ‘मी नको म्हटलं तर तुला वाईट वाटेल’ असा असतो. तेव्हा म्हणावं, ‘नाही टाकलं तरी मला चालेल’, आणि मग काय उत्तर येतं ते पाहावं. काही मुलांना मोठा गाजावाजा खरोखरच हवा असतो, तीही याच वेळी तसं सांगतात.

तिसऱ्या मसुद्यात ‘पंधरा’ हा आकडा मी मुद्दाम ठेवला नाही. वाढदिवसाच्या दिवशी वय लिहिलं की पूर्ण जन्मतारीख जाहीर होते. त्यासोबत पूर्ण नाव, शाळेचा गणवेश आणि गाव आलं, तर त्या मुलाची ओळख पटवायला लागणारी बरीचशी माहिती एका पोस्टमध्ये जमा होते. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या फाइलचा पासवर्डसुद्धा नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष मिळून बनतो. ठरावीक लोकांपुरत्या पोस्टवर वय लिहायला हरकत नाही. अकाउंट सगळ्यांना दिसणारं असेल तर आकडा गाळावा आणि टीमच्या टी-शर्टवर शाळेचं नाव असेल तर तेवढा भाग फोटोतून कापावा.

मग पिल्लू, पदर, अंधाराची भीती आणि कृष्णाचा फोटो यांचं काय करायचं? ते सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. त्याची जागा मुलाच्या हातात आहे. कागदावर लिहून द्यावं, किंवा फक्त त्यालाच मेसेज करावा. तिथं लांबीला मर्यादा नाही आणि ‘सोन्या’ म्हणायलाही बंदी नाही. याच मुलांपैकी कितीतरी जण तो कागद जपून ठेवतात. आजीआजोबांना बालपणीचे फोटो पाहायचे असतील तर ते थेट त्यांना पाठवावेत. नातेवाइकांचा मोठा ग्रुप हा घरगुती वाटतो खरा, पण त्यात त्याच वयाची चुलत-मावस भावंडं असतात, आणि मे महिन्यात सगळी एकत्र जमली की तोच फोटो पुन्हा बाहेर निघतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ‘My contacts except…’ आणि ‘Only share with…’ असे दोन पर्याय आहेत. पालकांच्या ग्रुपमधली नावं पहिल्यात वगळता येतात, किंवा दुसऱ्यात फक्त घरची माणसं निवडता येतात. इन्स्टाग्रामच्या स्टोरीला ‘Close friends’ ची यादी आहे. अर्थात स्क्रीनशॉटला यातलं काहीच अडवत नाही, म्हणून मजकूर असाच असावा की तो वर्गात पोचला तरी चालेल. मुलाला टॅग करायचं का, हेही आधी विचारावं. टॅग केलं की ती पोस्ट त्याच्या प्रोफाइलवरून त्याच्या मित्रांना सापडते.

पोस्ट टाकल्यानंतरचा तासभर फोन जवळ ठेवावा. आपला मजकूर जपून लिहिलेला असला, तरी खाली आत्या लिहू शकते, ‘किती वाळलास रे! खात नाहीस का?’ किंवा मामा विचारू शकतो, ‘गर्लफ्रेंड कुठाय?’ अशी प्रतिक्रिया हळूच काढून टाकावी आणि मामाला फोन करून सांगावं की त्याचे मित्र वाचतात. त्याच जागी वाद घालू नये. मुलानं स्वतःहून पोस्ट आपल्या स्टोरीला लावली, तर समजावं की जमलं. त्यानं टॅग काढून टाकला, तर तेही उत्तरच आहे. त्याबद्दल संध्याकाळी केक कापताना पाहुण्यांसमोर विचारू नये. तो म्हणालाच की काढ, तर लगेच काढावं आणि ‘किती मनापासून लिहिलं होतं’ हे पुन्हा पुन्हा म्हणू नये, नाही तर पुढच्या वर्षी तो काही न बोलता सहन करेल.

आणि काही मुलांना एकही ओळ नको असते. अशा वर्षी आईच्या स्टेटसला काहीच नसतं आणि सकाळी साडेनऊला नणंदेचा फोन येतो, ‘अगं, आज वाढदिवस ना त्याचा? स्टेटस नाही ठेवलंस?’ त्यावर सांगावं, ‘त्याला नको होतं, वन्सं. तुम्ही त्यालाच फोन करा, साडेतीनला शाळेतून येतो.’